‘हाय फायबर’च्या पाकिटात फायबर किती? वयानुसार गरज आणि लेबलावरचा हिशेब

किराणा दुकानातील बिस्किटांच्या कप्प्यासमोर उभे राहिले की किमान तीन-चार पाकिटांवर ‘हाय फायबर’ ही अक्षरे ठळकपणे छापलेली दिसतात. मुलाला डब्यात चार बिस्किटे दिली म्हणजे तंतुमय आहाराची काळजी मिटली, असा समज करून घेऊन आपण ते पाकीट पिशवीत टाकतो. पाकिटावरचा दावा बहुधा खोटा नसतो. मात्र तो १०० ग्रॅम बिस्किटांविषयी असतो आणि मूल खाते ती वीस किंवा चाळीस ग्रॅम. या फरकामुळे घरातला सगळा हिशेब चुकतो. तो नीट मांडायचा तर दोन आकडे हाती हवेत. आपल्या वयाला दिवसाकाठी किती ग्रॅम तंतू लागतात, हा पहिला. आणि समोरच्या पदार्थातून प्रत्यक्ष किती मिळतात, हा दुसरा.

कोणत्या वयाला किती?

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२० साली भारतीयांसाठी पोषणाची जी प्रमाणे ठरवली, त्यांत तंतूंचा हिशेब एका साध्या सूत्रावर बांधला आहे. दिवसभरात जितके अन्न ऊर्जा म्हणून पोटात जाते, त्यातील दर हजार किलोकॅलरींमागे सुमारे १५ ग्रॅम तंतू असावेत, असे ते सूत्र. त्यावरून वयोगटांचे आकडे असे येतात :

- १ ते ३ वर्षे : १५ ग्रॅम
- ४ ते ६ वर्षे : २० ग्रॅम
- ७ ते ९ वर्षे : २६ ग्रॅम
- १० ते १२ वर्षे : मुलगे ३३ ग्रॅम, मुली ३० ग्रॅम
- १३ ते १५ वर्षे : मुलगे ४३ ग्रॅम, मुली ३६ ग्रॅम
- १६ ते १८ वर्षे : मुलगे ५० ग्रॅम, मुली ३८ ग्रॅम
- बैठे काम करणारे प्रौढ : पुरुष सुमारे ३० ग्रॅम, स्त्रिया सुमारे २५ ग्रॅम
- मध्यम श्रमाचे काम करणारे प्रौढ : पुरुष सुमारे ४० ग्रॅम, स्त्रिया सुमारे ३० ग्रॅम

सतरा वर्षांच्या मुलाला ५० ग्रॅम आणि त्याच्या कार्यालयात बसणाऱ्या वडिलांना मात्र ३० ग्रॅम, हे पाहून कोणीही चकित होईल. त्याचे कारण सूत्रातच आहे. वाढीच्या वयातील, बऱ्यापैकी हालचाल करणारा मुलगा दिवसाला तीन हजारांहून अधिक किलोकॅलरी खातो, असे धरून तो आकडा काढलेला आहे. मुलगा दिवसभर खुर्चीत बसून असेल, कमी खात असेल, तर त्याचे तंतूही त्याच प्रमाणात कमी धरायचे. साठी ओलांडलेल्यांनाही हाच न्याय लागू पडतो. आजोबांचा आहार १६०० किलोकॅलरींवर आला असेल, तर त्यांच्यासाठी २४ ग्रॅम पुरेसे ठरतात.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये दिलेले आकडे याहून लहान आहेत : २ ते ५ वर्षांसाठी १५ ग्रॅम, ६ ते ९ वर्षांसाठी २१ ग्रॅम आणि दहा वर्षांपासून पुढे सर्वांसाठी २५ ग्रॅम. यात विरोधाभास नाही. संघटनेचा आकडा ‘किमान इतके तरी’ अशा अर्थाचा आहे, तर आपल्याकडील आकडा एकूण खाण्याच्या प्रमाणात वाढत जातो. घरच्या हिशेबासाठी पहिल्याला पायरी आणि दुसऱ्याला लक्ष्य मानणे सोयीचे. संघटनेने आणखी एक अट घातली आहे. हे तंतू अन्नात निसर्गतः असलेले हवेत. म्हणजेच धान्य, कडधान्य, भाजी आणि फळ यांतून आलेले; कारखान्यात वेगळे काढून पुन्हा मिसळलेले नव्हेत. लेबल वाचताना ही अट पुढे उपयोगी पडेल.

लेबलावर ओळच नसेल तर?

पाकिटाच्या मागच्या बाजूला पोषणमूल्यांचा तक्ता असतो. अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०२० च्या लेबलविषयक नियमांनुसार त्यात ऊर्जा, प्रथिने, कर्बोदके, एकूण साखर, वरून घातलेली साखर, मेद आणि सोडियम इत्यादी गोष्टी देणे बंधनकारक आहे. तंतू या यादीत नाहीत. त्यामुळे अनेक पाकिटांवर ‘डाएटरी फायबर’ ही ओळ सापडतच नाही. ओळ नाही याचा अर्थ तंतू शून्य असा मात्र होत नाही. साध्या गव्हाच्या पिठाच्या पिशवीवर ती ओळ नसली, तरी आतल्या पिठात तंतू भरपूर असतात.

त्याच तक्त्यात दैनंदिन गरजेच्या टक्केवारीचा एक स्तंभ असतो. ती टक्केवारी २००० किलोकॅलरी खाणारा प्रौढ माणूस डोळ्यांसमोर ठेवून काढलेली असते आणि तिचा रोख मुख्यतः साखर, मेद व सोडियम यांवर असतो. आठ वर्षांच्या मुलीच्या तंतूंचा हिशेब त्या स्तंभातून निघत नाही. त्यासाठी ग्रॅमचा आकडाच घ्यावा लागतो.

पाकिटावर तंतूंविषयी दावा केलेला असेल, तर मात्र चित्र बदलते. दाव्याला आकड्याचा आधार लागतो आणि तो आकडा नियमांनी ठरवून दिला आहे. घन पदार्थाला ‘सोर्स ऑफ फायबर’ म्हणवून घेण्यासाठी १०० ग्रॅममागे किमान ३ ग्रॅम तंतू लागतात. ‘हाय’ किंवा ‘रिच’ म्हणवून घेण्यासाठी किमान ६ ग्रॅम. शंभर किलोकॅलरींमागे अनुक्रमे दीड आणि तीन ग्रॅम, असा दुसरा मापदंडही आहे.

सहा ग्रॅम हा आकडा आपल्या स्वयंपाकघराशेजारी ठेवून पाहावा. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या अन्नघटक तक्त्यांनुसार १०० ग्रॅम गव्हाच्या अख्ख्या पिठात सुमारे ११ ग्रॅम तंतू असतात. नाचणीत ११, ज्वारीत १०, तूरडाळीत ९, आळसांद्यांत म्हणजे चवळीत सुमारे साडेअकरा. मैद्यात मात्र पावणेतीनच्या आसपास, आणि सडलेल्या पांढऱ्या तांदळातही तेवढेच. म्हणजे कोणताही दावा न करणारे घरातले पीठ ‘हाय फायबर’च्या उंबरठ्याच्या जवळजवळ दुप्पट उंचीवर उभे असते. बहुतेक बिस्किटांचा पाया मैदा असल्यामुळे त्यांना तो उंबरठा गाठायला कोंडा किंवा वेगळे तंतू वरून घालावे लागतात.

शंभर ग्रॅमपासून दोन बिस्किटांपर्यंत

आता प्रत्यक्ष गुणाकार करू. उदाहरणादाखल एका पाकिटावर १०० ग्रॅममागे ६.४ ग्रॅम तंतू असे लिहिले आहे, असे समजा. दावा नियमात बसतो. एका बिस्किटाचे वजन १० ग्रॅम आहे. ते छापलेले नसेल, तर पाकिटाच्या निव्वळ वजनाला बिस्किटांच्या संख्येने भागले की मिळते. दोन बिस्किटे म्हणजे २० ग्रॅम. सहा पूर्णांक चार गुणिले वीस भागिले शंभर : उत्तर सुमारे १.३ ग्रॅम. आठ वर्षांच्या मुलीला दिवसाला २६ ग्रॅम हवेत. त्याचा हा विसावा भाग झाला. याउलट ३० ग्रॅम पिठाच्या एका चपातीतून ३.४ ग्रॅम मिळतात. एका चपातीची बरोबरी करायला पाचहून अधिक बिस्किटे लागतील आणि त्यांच्यासोबत साखर व तूपही पोटात जाईल.

काही तक्त्यांत दोन स्तंभ असतात : एक १०० ग्रॅमचा, दुसरा एका वेळच्या प्रमाणाचा. ते ‘एका वेळचे प्रमाण’ उत्पादकाने ठरवलेले असते. आपले मूल तेवढेच खाते, असे मुळीच नाही. दोन पाकिटांची तुलना करायची तर नेहमी १०० ग्रॅमचा स्तंभ पाहावा. पोटात किती गेले ते मोजायचे तर प्रत्यक्ष खाल्लेल्या वजनाने गुणावे. हे दोन हेतू वेगळे ठेवले, तर निम्म्या चुका टळतात.

चार ठिकाणी हिशेब घसरतो

पहिली घसरण कोरड्या आणि शिजलेल्या वजनाची. ओट्सच्या पाकिटावर १०० ग्रॅममागे १० ग्रॅम तंतू लिहिलेले असतात, ते कोरड्या ओट्सविषयी. ४० ग्रॅम ओट्स पाण्यात शिजवले की वाडगाभर, सुमारे अडीचशे ग्रॅम लापशी होते. ती लापशी वजन करून दहाच्या पटीत मोजली, तर २५ ग्रॅम असे फसवे उत्तर येते. पाण्यात तंतू नसतात. खरा आकडा चाळीस ग्रॅम कोरड्या ओट्सचा, म्हणजे ४ ग्रॅम. दलिया, पोहे, तांदूळ, डाळ या सर्वांना हेच लागू. म्हणून वजन शिजवण्यापूर्वी करावे.

दुसरी घसरण दुहेरी मोजणीची. काही लेबलांवर ‘डाएटरी फायबर’खाली विद्राव्य आणि अविद्राव्य अशा दोन ओळी असतात. त्या वरच्या आकड्याचे भाग आहेत; त्यात मिळवायच्या नाहीत. कर्बोदकांचे प्रकरण थोडे वेगळे. अमेरिकेतील पाकिटांवर कर्बोदकांच्या आकड्यात तंतू धरलेले असतात, तर ब्रिटन व युरोपातील पाकिटांवर ते वेगळे काढून दाखवतात. परदेशातील नातेवाइकांकडून दोन्ही तऱ्हेची पाकिटे गोव्यातील अनेक घरांत येतात. मधुमेहामुळे कर्बोदके मोजणाऱ्याने युरोपीय लेबलावरून तंतू पुन्हा वजा केले, तर साखरेला कारण ठरणाऱ्या कर्बोदकांचा अंदाज कमी येईल. लेबल कोणत्या पद्धतीचे, अशी शंका आल्यास १०० ग्रॅमच्या स्तंभातील प्रथिने, मेद, कर्बोदके आणि तंतू यांची बेरीज करावी. ती शंभरापलीकडे गेली, तर तंतू कर्बोदकांत आधीच मोजलेले आहेत, हे नक्की.

तिसरी घसरण जुन्या तक्त्यांची. आहाराच्या अनेक जुन्या पुस्तकांत गव्हाच्या पिठातील तंतू १.९ ग्रॅम आणि तांदळातील ०.२ ग्रॅम दिलेले आढळतात. ते ‘क्रूड फायबर’चे आकडे आहेत. त्या पद्धतीत पदार्थ आधी आम्लात आणि नंतर अल्कलीत उकळून उरलेला चोथा तेवढा मोजतात. या प्रक्रियेत विद्राव्य तंतू आणि अविद्राव्यांपैकीही मोठा भाग वाहून जातो. आतड्यापर्यंत न पचता पोहोचणारे सगळे तंतू मोजणारी पद्धत नंतर आली. वयानुसार दिलेली उद्दिष्टे या नव्या मोजमापाची आहेत. उद्दिष्ट नव्या मापाचे आणि पदार्थ जुन्या मापाने, असे केले तर कितीही खाल्ले तरी २६ ग्रॅम भरायचे नाहीत. गव्हाच्या पिठासमोर दोनच्या आसपासचा आकडा दिसला, की तो तक्ता जुना आहे, असे ओळखावे.

चौथी घसरण वरून मिसळलेल्या तंतूंची. आकडा मोठा दिसला, की घटकांची यादी वाचावी. यादीत घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने असतात. पहिले नाव ‘रिफाइंड व्हीट फ्लोअर’ असेल, तर पाया मैदा आहे. पाकिटाचा रंग तपकिरी असो वा त्यावर कणसांचे चित्र असो. ‘मल्टिग्रेन’ या शब्दाने धान्ये अनेक आहेत एवढेच कळते. ती अख्खी आहेत की नाहीत, किती आहेत, हे यादीतील क्रम आणि कंसातील टक्केवारी सांगते. पुढे ‘इन्युलिन’, ‘ऑलिगोफ्रुक्टोज’, ‘पॉलिडेक्स्ट्रोज’ अशी नावे दिसली, तर तंतूंचा काही भाग वेगळा काढून घातलेला आहे. तो निरुपयोगी नसतो, पण डाळीबरोबर येणारी प्रथिने किंवा फळाबरोबर येणारी जीवनसत्त्वे त्याच्यासोबत येत नाहीत. शिवाय इन्युलिन एकदम जास्त पोटात गेले, तर वात धरतो आणि पोट फुगते.

लेबल नसलेला पाव

पोदेराच्या टोपलीतल्या पोईवर कसलेच लेबल नसते. परंपरेने पोई कोंड्यासह गव्हाच्या पिठाची. पण वर कोंडा भुरभुरलेला दिसला म्हणजे आतले पीठ मैद्याचे नसेलच, असे सांगता येत नाही. पोई फोडून आतला रंग आणि पोत पाहावा आणि मैदा किती, हे पोदेराला सरळ विचारावे. हिशेबासाठी पोईचे वजन करून त्यातील सुमारे दोन तृतीयांश पीठ धरावे. उरलेले मुख्यतः पाणी असते. साठ ग्रॅमची पोई सगळी अख्ख्या पिठाची असेल, तर ४० ग्रॅम पिठातून साडेचार ग्रॅम तंतू मिळतील. सगळी मैद्याची असेल, तर जेमतेम एक ग्रॅम. बाहेरून दोघी सारख्याच दिसू शकतात.

आठ वर्षांच्या मुलीचा एक दिवस

आता सगळे एकत्र मांडू. उद्दिष्ट २६ ग्रॅम. वजने शिजवण्यापूर्वीची आहेत.

- सकाळी : पांढऱ्या पावाचे दोन काप, ५० ग्रॅम, लेबलानुसार १०० ग्रॅमला २.५, मिळाले १.३. दुधातून शून्य.
- डब्यात : ५० ग्रॅम पिठाच्या दोन लहान चपात्या, ५.७, बटाट्याची भाजी, १.
- दुपारी : ६० ग्रॅम तांदळाचा भात, १.७, २० ग्रॅम तूरडाळ, १.८; तळलेला मासा, शून्य.
- चार वाजता : ‘हाय फायबर’ बिस्किटे चार, ४० ग्रॅम, २.६.
- रात्री : ५० ग्रॅम तांदळाचा भात, १.४; २५ ग्रॅम आळसांद्यांचे तोणाक, २.९.

एकूण १८.४ ग्रॅम. आमटी-तोणाकातील खोबरे आणि कांदा सोयीसाठी सोडून दिला आहे. मासे, अंडी, मांस आणि दूध यांत तंतू नसतात. त्यामुळे मासळीचे पोटभर जेवण झाले, तरी हा स्तंभ हलत नाही. जेवण कमी पडलेले नाही, चार बिस्किटेही दिली आहेत, आणि तरीही उद्दिष्टाला साडेसात ग्रॅम कमी पडले. जागतिक आरोग्य संघटनेची २१ ग्रॅमची किमान पायरीही गाठली गेली नाही.

आता फक्त दोन बदल करू. चार वाजता बिस्किटांऐवजी शंभर ग्रॅमचा एक पेरू द्यावा. पेरूत १०० ग्रॅममागे साडेआठ ग्रॅमच्या आसपास तंतू असतात. २.६ वजा केले, ८.६ मिळवले, की एकूण २४.४ होते, किमान पायरी एका फळाने ओलांडली. सकाळच्या पावाऐवजी ३० ग्रॅम नाचणीची भाकरी दिली, तर १.३ च्या जागी ३.४ येतात आणि बेरीज २६.५ वर जाते. भात, मासा, आळसांदे काहीच बदलले नाही. चार ‘हाय फायबर’ बिस्किटांनी जी दरी भरली नव्हती, ती एका पेरूने आणि एका भाकरीने भरली.

हे बदल एका दिवसात करू नयेत. १८ ग्रॅमची सवय असलेले आतडे एकदम २६ वर नेले, तर वात आणि पोटदुखी होते. दर तीन-चार दिवसांनी दोन-तीन ग्रॅम वाढवावेत आणि पाणीही वाढवावे. कमी पाण्यात जास्त चोथा गेला, तर बद्धकोष्ठ कमी होण्याऐवजी वाढते. आतड्यावर शस्त्रक्रिया झालेली असेल किंवा आतडे अरुंद झाल्याचे निदान असेल, तर वरील आकडे लागू होत नाहीत. तेथे डॉक्टरांनी सांगितलेले प्रमाणच पाळावे.

हा हिशेब रोज करण्याची गरज नाही. घरात रोज येणाऱ्या पीठ, तांदूळ, डाळ आणि पाव यांचे एकदा वजन करून एका वाटीत, एका चपातीत, एका कापात किती ग्रॅम तंतू येतात, ते स्वयंपाकघरातील कागदावर लिहून ठेवले, की काम झाले. नवे पाकीट घरात आले, की १०० ग्रॅमचा आकडा, खाल्ले जाणारे वजन आणि घटकांच्या यादीतील पहिले नाव एवढे तपासून त्याची नोंद त्याच कागदावर करावी.